वाङ्मयचौर्याची नोटीस: आरोप आधी, कारवाई नंतर

‘आपण लघुप्रबंधात वाङ्मयचौर्य केल्याचे निदर्शनास आले आहे. तीन दिवसांत खुलासा करावा, अन्यथा योग्य ती कारवाई होईल.’ अशा नोटिशीत दोष आधीच ठरलेला दिसतो, आणि गडहिंग्लजहून कोल्हापूरला शिकायला आलेल्या मुलीला उत्तर नेमकं कशाचं द्यायचं हे कळत नाही.

पहिलं वाक्य असं करा: ‘आपल्या लघुप्रबंधातील प्रकरण ३, पाने ४१ ते ४७ येथील मजकूर सोबत जोडलेल्या लेखाशी जुळतो, असा संशय आहे. दोष अद्याप ठरलेला नाही.’ जुळणारे परिच्छेद शेजारीशेजारी छापून जोडा. जुळणाऱ्या मजकुराचा नुसता टक्का पुरत नाही. संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं त्यात मोजली गेली असतील, तर आकडा फुगतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत ती वगळायची आहेत.

मग प्रक्रिया: प्रकरण कोणत्या समितीपुढे आहे, लेखी उत्तर कोणत्या तारखेपर्यंत, सुनावणी कुठे आणि किती वाजता. ‘तीन दिवसांत’ऐवजी तारीखच लिहा, कारण दिवस नोटिशीच्या तारखेपासून मोजायचे की ती हाती पडल्यापासून, यावरच वाद होतो.

हक्क धमकीच्या ओळीत दडपू नका: ‘मजकूर जुळल्याचा अहवाल पाहता येईल, आपले टिपण व कच्चे मसुदे सादर करता येतील.’