छापा-काट्याच्या तक्त्याचा फोटो काढून गणित सोडवताय? या चुका टाळा

परीक्षा जवळ आली की माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे फोटो येऊ लागतात. सदाशिव पेठेतल्या कुठल्यातरी अभ्यासिकेत ट्यूबलाइटखाली तिरका धरलेला झेरॉक्सचा कागद, त्यावर हाताची सावली, आणि मधोमध एक छोटा तक्ता. खाली एक ओळ: "सर, उत्तर जुळत नाहीये." गणित बहुतेक वेळा हेच असतं. नाणं कुठल्या बाजूला किती झुकलेलं आहे ते माहीत नाही, दोन-चार शक्यता दिल्या आहेत, प्रत्येक शक्यतेवर आपला आधीचा विश्वास म्हणजे प्रायर दिला आहे. मग छापे पडतात, आणि विश्वास बदलून सांगायचा असतो.

तक्ता असा:

| छापा पडण्याची शक्यता | प्रायर |
|---|---|
| ०.२५ | ०.२५ |
| ०.५० | ०.५० |
| ०.७५ | ०.२५ |

एक छापा पडला की प्रत्येक ओळीत डावीकडचा आकडा उजवीकडच्या आकड्याने गुणायचा, तिन्ही गुणाकारांची बेरीज करायची, आणि प्रत्येक गुणाकाराला त्या बेरजेने भागायचं. येतो तो पोस्टिरियर, म्हणजे छापा पाहिल्यानंतरचा विश्वास. काम एवढंच आहे. तरी दरवर्षी त्याच जागी मुलं अडकतात, म्हणून हे लिहितो आहे.

रकान्याचं शीर्षक कापलेला फोटो

माझ्या मते ही सगळ्यात महाग पडणारी चूक आहे. वरचा तक्ता पुन्हा पाहा. डावा रकाना ०.२५, ०.५०, ०.७५. उजवा ०.२५, ०.५०, ०.२५. शीर्षकाची ओळ फोटोतून कापली गेली, तर कुठला रकाना नाण्याचा आणि कुठला विश्वासाचा, हे सहज कळत नाही.

एस.वाय.ला असलेल्या एका मुलीने मला असाच फोटो पाठवला होता. मैत्रिणीच्या वहीचा फोटो, त्यावरून हिने आपल्या वहीत तक्ता उतरवला, आणि उतरवताना रकाने उलटे झाले. पहिल्या छाप्यानंतरचं तिचं उत्तर आलं ०.१२५, ०.५, ०.३७५. ते पुस्तकातल्या उत्तराशी तंतोतंत जुळलं, त्यामुळे तक्ता बरोबर उतरलाय याबद्दल तिला शंकाच उरली नाही. दुसऱ्या छाप्यानंतर मात्र तिच्याकडे ०.०८३३, ०.६६६७, ०.२५ आलं आणि पुस्तकात ०.०५५६, ०.४४४४, ०.५ होतं. ती संध्याकाळभर गुणाकार तपासत बसली. गुणाकारात चूक नव्हतीच. शेवटी "पुस्तकातलं उत्तर चुकलंय का, सर?" असा मेसेज आला.

पहिलं उत्तर बरोबर कसं आलं, हे समजून घेण्यासारखं आहे. एका छाप्यासाठी आपण शक्यता गुणिले प्रायर करतो. गुणाकारात क्रम उलटला तरी फरक पडत नाही, म्हणून रकाने उलटे असले तरी पहिलं उत्तर बरोबरच येणार. दुसऱ्या छाप्याला मात्र शक्यतेने पुन्हा गुणायचं असतं. तिच्या वहीत शक्यतेच्या जागी प्रायर बसला होता, त्यामुळे तिसरी ओळ ०.७५ ऐवजी ०.२५ने गुणली गेली. म्हणजे पहिल्या पायरीचं उत्तर जुळलं, यावरून रकाने नीट वाचलेत हे सिद्ध होत नाही. एक छापा पडल्यावर थांबणाऱ्या गणितात तर ही चूक कधी सापडणारच नाही.

मी तिला एकच प्रश्न विचारला. "अगं, छापा पडला, आणि जे नाणं सगळ्यात जास्त छापे टाकतं त्याच्यावरचा तुझा विश्वास ०.३७५ वरून ०.२५ वर आला. असं होईल का?" तिला लगेच कळलं.

हा प्रश्न प्रत्येक पायरीला स्वतःला विचारायची सवय लावा. छापा पडला की सगळ्यात मोठ्या शक्यतेची ओळ वर जायलाच हवी आणि सगळ्यात लहान शक्यतेची खाली. मधल्या ओळींचं काय होईल तेही सांगता येतं, कारण ज्या बेरजेने आपण भागतो ती नुसती भागायची सोय नाही. पुढच्या फेकीत छापा पडण्याची, फेकीआधीची आपली एकूण शक्यता म्हणजेच ती बेरीज. ज्या ओळीची शक्यता तिच्यापेक्षा मोठी ती चढते, लहान ती उतरते. पहिल्या फेकीला ही बेरीज ०.५ आहे. म्हणून ०.७५ची ओळ चढते, ०.२५ची उतरते आणि ०.५०ची जागची हलत नाही. दुसऱ्या फेकीला बेरीज ०.५६२५ होते. आता ०.५०ची ओळ तिच्यापेक्षा लहान ठरली, म्हणून तीही उतरते: ०.५ वरून ०.४४४४. मी वहीत प्रत्येक ओळीपुढे आधी वर किंवा खाली असा बाण काढतो आणि मगच भागाकार करतो. आकडा बाणाविरुद्ध गेला, तर पुन्हा गुणत न बसता फोटो उघडून बघतो.

आणि रकाना ओळखायची साधी खूण: प्रायरची बेरीज १ असते, शक्यतांच्या रकान्यावर तसं बंधन नाही. इथे तो रकाना १.५ भरतो. दोन्ही रकान्यांची बेरीज करायला अर्धं मिनिटही लागत नाही, पण "सर, लवकर सांगा ना" म्हणणाऱ्यांपैकी ती कोणी केलेली नसते.

"शेवटी बेरीज १ आली, म्हणजे बरोबर"

हे वाक्य मला फार वेळा ऐकावं लागतं, आणि ते खोटं आहे. शेवटची बेरीज १ येते कारण तुम्हीच बेरजेने भागलेलं असतं. वर काहीही चुकलेलं असो, भागल्यावर १च येणार. वरच्या मुलीच्या चुकलेल्या उत्तराचीही बेरीज १च होती. या तपासणीतून फक्त भागाकार नीट झाला एवढंच कळतं.

फोटोमुळे इथे एक खास अपघात होतो. कागदाचा खालचा काठ चौकटीबाहेर राहतो आणि शेवटची ओळ गायब होते. समजा ०.७५ची ओळच दिसली नाही. उरलेल्या दोन ओळींत एका छाप्यानंतर गुणाकार येतात ०.०६२५ आणि ०.२५, भागल्यावर ०.२ आणि ०.८. नीटनेटकं उत्तर, बेरीज १, आणि पूर्ण चूक. जी ओळ तक्त्यात नाही तिच्यावरचा विश्वास शून्य धरल्यासारखा होतो, आणि शून्याला कितीही वेळा गुणलं तरी शून्यच. पुढे शंभर छापे लागोपाठ पडले तरी ते झुकलेलं नाणं तुमच्या वहीत परत येणार नाही. म्हणून बेरीज सुरुवातीलाच करायची, प्रायरची, पहिला गुणाकार करण्याआधी. ०.७५ भरली तर ओळ हरवली आहे. फोटो पाठवणाऱ्याला फोन करा, "पूर्ण पान दिसेल असा काढ" म्हणून सांगा. उरलेल्या आकड्यांवर अंदाज बांधून ओळ भरू नका.

तेच छापे दोनदा मोजणं

प्रश्नात लिहिलेलं असतं, "तीन छापे पडले." विद्यार्थ्याने आधीच्या उपप्रश्नात दोन छाप्यांनंतरचा पोस्टिरियर काढलेला असतो. आता तो घाईने तोच पोस्टिरियर घेतो आणि शक्यतेच्या घनाने गुणतो. पहिले दोन छापे पोस्टिरियरमध्ये मुरलेले आहेत. घनाने गुणलं की ते पुन्हा मोजले जातात. कागदावर तीन छापे, हिशेबात पाच.

इथे माझी सवय सांगतो, कारण तिने चूक उघडी पडते. मी दशांश टाळतो आणि वजनं पूर्णांकांत ठेवतो. प्रायर १, २, १. शक्यता चार भागांपैकी १, २, ३. प्रत्येक छाप्याला वजनं १, २, ३ने गुणायची. पहिल्यानंतर १, ४, ३. दुसऱ्यानंतर १, ८, ९. तिसऱ्यानंतर १, १६, २७, एकूण ४४. भागाकार फक्त शेवटी एकदा: ०.०२२७, ०.३६३६, ०.६१३६. दोनदा मोजणाऱ्याकडे १, ६४, २४३ येतं आणि तिसऱ्या ओळीवरचा विश्वास थेट ०.७८९ होतो. पाच छाप्यांनंतरचं बरोबर उत्तर हेच. वजनं अशी ओळीने लिहिलेली असली की किती छापे मोजले ते नुसतं बघून सांगता येतं.

दोनच रस्ते आहेत. पोस्टिरियरपासून निघालात तर फक्त नवीन छापा. मूळ प्रायरपासून निघालात तर सगळे छापे एकदम. दोन्हींचं उत्तर एकच येतं, आणि वेळ असेल तेव्हा मी दोन्ही करून बघायला सांगतो. सूत्र पाठ करून आकडे टाकणाऱ्यांना हे वेळखाऊ वाटतं, पण तेच पुढे तासभर चूक शोधत बसलेले मी पाहतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या

काटा पडला तर १ वजा शक्यतेने गुणायचं. वरच्या वजनांत ३, २, १.

मध्येच दोन दशांशांवर आकडे तोडू नका. तीन-चार फेकींनंतर त्याची किंमत मोजावी लागते.

चारपैकी तीन छापे असतील तेव्हा "कुठल्या क्रमाने" यासाठीचा ४ हा गुणक सगळ्या ओळींत सारखाच असतो, भागताना उडून जातो. लिहिला तरी चालेल, सोडला तरी चालेल. काही ओळींत लिहून काहींत सोडला तर मात्र उत्तर गेलं.

धूसर फोटोत ०.०५ आणि ०.५ सारखे दिसतात. पुन्हा प्रायरची बेरीज.

सगळ्यात जास्त विश्वासाची ओळ म्हणजे उत्तर नाही

तीन छाप्यांनंतर प्रश्नाचा शेवटचा भाग असतो: चौथा छापा पडण्याची शक्यता किती? बहुतेक जण ०.७५ लिहून पेन ठेवतात, कारण त्या ओळीवर सर्वात जास्त विश्वास आहे. पण त्या ओळीवर विश्वास ०.६१३६च आहे. साधं नाणं असण्यावर अजून ०.३६३६ विश्वास शिल्लक आहे, तो टाकून देता येत नाही. प्रत्येक ओळीचं वजन तिच्या शक्यतेने गुणा: १ गुणिले १, १६ गुणिले २, २७ गुणिले ३. बेरीज ११४. भागायचं ४४ गुणिले ४ने, म्हणजे १७६ने. उत्तर ०.६४७७. चौथ्या फेकीला छापा पडला, तर तुम्ही ज्या बेरजेने भागाल ती हीच, म्हणून ती वहीत आत्ताच लिहून ठेवा.