मित्रांच्या नोट्सच्या फोटोंमधून सेट निवडताय? या चुका टाळा

माझ्या धाकट्या बहिणीला बारावीत डेंग्यू झाला आणि फिजिक्सचं पहिलंच चॅप्टर, रोटेशनल डायनॅमिक्स, पूर्ण बुडालं. मग तिने तीन मैत्रिणींकडून वहीचे फोटो मागवले आणि मला म्हणाली, दादा तूच बघ यातलं कुठलं प्रिंट काढू. मी पहिल्या झटक्यात चुकीचा सेट निवडला, म्हणून हे लिहितोय.

पहिली चूक म्हणजे फोटो मोजणं. एकीचे 14 फोटो, दुसरीचे 9, तिसरीचे 11. साहजिकच 14 वाला सेट भरलेला वाटला, त्यात चार रंगांचे पेन, हेडिंगला स्केचपेन, एकदम देखणा प्रकार. पण नीट बघितलं तर त्यात दोन पानं दोनदा आलेली, म्हणजे खरी पानं 12. आणि 9 वालीने वही उघडी ठेवून समोरासमोरची दोन पानं एकाच फोटोत घेतलेली, म्हणजे 18 पानं! अक्षर मुंगीएवढं होतं, म्हणून मी तो सेट आधी उघडलाच नव्हता.

दुसरी चूक, सेटची तुलना एकमेकांशी करणं. दोघींनी एकच टॉपिक गाळला असेल तर ते कधीच कळणार नाही ना. मी पाठ्यपुस्तकातली हेडिंगं एका कागदावर खाली खाली लिहिली (बँक्ड रोड, व्हर्टिकल सर्क्युलर मोशन, पॅरलल ॲक्सिस, रोलिंग वगैरे), बाजूला तीन कॉलम, आणि प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी बघितल्या: आकृती आहे का, मधल्या स्टेप्स आहेत का, शेवटचा फॉर्म्युला आहे का. देखण्या सेटमध्ये व्हर्टिकल सर्कलचा वरचा बिंदू `√(rg)` आणि खालचा `√(5rg)` झक्कास, पण दोरी आडवी असतानाचा `√(3rg)` गायबच. बहुतेक फळा पुसला गेला असणार, कारण तिथे चार ओळी कोऱ्या सोडल्या होत्या आणि नंतर भरायच्या राहिल्या. अशा कोऱ्या जागा शोधाच, रंगांच्या नादात त्या दिसत नाहीत.

आता खरी गंमत. बँक्ड रोडवरच्या जास्तीत जास्त वेगाच्या फॉर्म्युल्यात दोन सेटमध्ये छेदात अधिक होतं आणि बारीक अक्षरवालीकडे वजा. मी म्हटलं दोन विरुद्ध एक, अधिकच बरोबर असणार. पण दोन्हीकडे खाडाखोडही त्याच जागी होती, म्हणजे एकीने दुसरीची वही बघून उतरवलेलं, त्यामुळे ती दोन मतं नाहीत, एकच मत. मग आकडे घालून बघितलं. कोन 45° घ्या म्हणजे `tanθ = 1`, आणि `μ = 0.5`.

```
छेदात अधिक: (1 + 0.5)/(1 + 0.5) = 1
छेदात वजा:  (1 + 0.5)/(1 − 0.5) = 3
```

हे वर्गमुळातलं, `rg` ला गुणायचं. घर्षण नसेल तेव्हा तिथे फक्त `tanθ`, म्हणजे 1 असतो. छेदात अधिक धरला तर घर्षण असूनही वेग तेवढाच राहतो, म्हणजे टायरला रस्त्याची पकड असून काडीचा फायदा नाही, हे कसं शक्य आहे? बरोबर फॉर्म्युला `√(rg(tanθ+μ)/(1−μtanθ))`. फक्त `μ = 0` घालून तपासलं असतं तर ही चूक सापडलीच नसती, कारण तेव्हा दोन्ही सारखेच येतात. पुस्तक उघडलं असतं तरी झालं असतं म्हणा, पण ते तेव्हा शेजारी गेलेलं.

फोटोंचा घोळ वेगळाच. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो आणि बारीक अक्षरात खालचे छोटे आकडे, वर्गाचा 2 असलं सगळं शेवाळल्यासारखं दिसतं. झूम करूनही `5rg` मधला 5 की S कळत नसेल तर अंदाज लावू नका, तेच पान डॉक्युमेंट म्हणून परत मागवा. नाव `IMG-20240712-WA0009.jpg` असं असेल तर ती तारीख वर्गातली समजू नका, ती व्हॉट्सॲपची असते. क्रम पानावरच्या नंबरवरून किंवा अर्धवट तुटलेल्या वाक्यावरून लावायचा. जाड रजिस्टर असेल तर शिवणीकडचे शब्द वळणात जातात, तिथे वही दाबून एकेका पानाचा फोटो मागावा लागतो.

शेवटी आम्ही बारीक अक्षरवालीचा सेट घेतला, एका फोटोत एकच पान असा परत काढून घेतला, A4 वर मोठा प्रिंट केला. तिचं रोलिंगचं टेबल अगदीच गचाळ होतं, म्हणून तेवढं एक पान रंगीत सेटमधलं घातलं, आधी त्यातला रिंगचा 1, डिस्कचा 1/2 आणि भरीव गोलाचा 2/5 पुस्तकाशी ताडून. पॅरलल ॲक्सिसची आकृती तिन्हीकडे धड नव्हती, ती बहिणीने स्वतः काढली आणि आता वर्गातल्या मुली तिचाच फोटो मागतायत.