पाहुण्यांसाठी घराची माहितीवही: कर्द्याजवळचे घर भाड्याने देताना शिकलेले

दापोली तालुक्यात कर्दे–मुरुडच्या किनाऱ्याजवळ आमचे जुने जांभ्याचे घर आहे. काही वर्षांपासून ते आम्ही सुट्टीसाठी येणाऱ्या कुटुंबांना भाड्याने देतो, आणि आम्ही स्वतः बहुतेक काळ पुण्यात असतो. त्यामुळे पाहुण्याला घर समजावून सांगण्याचे काम माणसाऐवजी एका माहितीवहीला करावे लागते. अशी वही पहिल्यांदाच लिहायला बसलेल्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

आमची पहिली वही अकरा पानांची होती आणि ती दिवाणखान्यातल्या टेबलाच्या खणात ठेवलेली असे. त्या हंगामात पाहुण्यांचा फोन आला की त्याची वेळ आणि प्रश्न मी एका डायरीत लिहून ठेवू लागलो. दिवाळीपासून मेपर्यंतची ती पाने वाचल्यावर लक्षात आले की विचारलेल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे वहीत होतीच. मात्र ज्या जागी प्रश्न पडला त्या जागी उत्तर नव्हते. न्हाणीघरात अंगावर गार पाणी पडलेला माणूस ओल्या हातांनी दिवाणखान्यात जाऊन खण उघडणार नाही, तो हाक मारणार किंवा फोन करणार. तेव्हापासून मी वही खोल्यांप्रमाणे लिहिणे सोडले आणि पाहुण्याच्या दिवसाप्रमाणे लिहू लागलो. प्रत्येक उत्तर जिथे प्रश्न पडतो तिथेच एका पत्र्यावर किंवा कागदावर लावले.

दिवसाची सुरुवात रस्त्यावर होते. आमच्याकडे चेक-इनची वेळ दुपारी एकची आणि चेक-आउटची सकाळी दहाची आहे. मधले तीन तास सफाईला लागतात, हे कारण आम्ही वेळेसोबतच लिहितो, कारण कारण कळले की लवकर येऊ का, हा फोन जवळजवळ येत नाही. घराकडे वळणाऱ्या शेवटच्या अर्ध्या किलोमीटरवर मोबाइलची रेंज कधी असते, कधी नसते, आणि नकाशा गाडीला मागच्या पाणंदीत नेतो, जिथून मोठी गाडी वळवता येत नाही. म्हणून आदल्या संध्याकाळी जाणाऱ्या निरोपात नकाशाच्या दुव्याबरोबर तीनच वाक्ये असतात: शाळेनंतर डावीकडे वळावे, नारळाच्या वाडीला लागून असलेला लाल गडगा उजव्या हाताला ठेवावा, हिरव्या फाटकापाशी थांबावे. या निरोपाचे चित्र काढून फोनमध्ये ठेवावे, अशी विनंती त्याच्या शेवटी असते. किल्लीची पेटी कुठे आहे आणि तिचा आकडा काय, हेही याच निरोपात जाते. छापील वहीत तो आकडा कधीही लिहू नये, कारण तो प्रत्येक पाहुण्यामागे बदलावा लागतो. ओळखपत्रे आम्ही येण्यापूर्वीच मागवतो. पाहुणा परदेशी नागरिक असेल तर त्याच्या आगमनाची नोंद चोवीस तासांच्या आत ऑनलाइन करणे यजमानाला बंधनकारक आहे, आणि त्यासाठी पारपत्र व व्हिसाची माहिती आधी हाती असलेली बरी.

वायफायच्या बाबतीत वहीतल्या एका शब्दाने मोठा घोटाळा केला, तो सविस्तर सांगतो. जुन्या वहीत मी लिहिले होते, ‘नेट चालत नसेल तर राउटर रीसेट करावा.’ मला म्हणायचे होते की बटण बंद करून पुन्हा चालू करावे. एका शनिवारी रात्री वीज गेली, तासाभराने आली, पण नेट आले नाही. पाहुण्यांनी वही वाचली, राउटरच्या मागे ‘RESET’ असे लिहिलेले बारीक छिद्र शोधले, आणि वहीत सांगितल्याप्रमाणे त्यात टाचणी घालून ते दाबून धरले. त्याने राउटर कारखान्यातून आला तसा कोरा झाला. नेटवर्कचे नाव गेले, पासवर्ड गेला, आणि सेवा देणाऱ्याने त्यात भरलेली खात्याची माहितीही पुसली गेली. ती पुन्हा भरायला माणूस सोमवारी दुपारी आला. पाहुण्यांपैकी एकजण सोमवारी सकाळी इथूनच कार्यालयाचे काम करणार होता. त्याला पहाटे निघावे लागले. त्याने वहीतले शब्द तंतोतंत पाळले होते, चूक माझ्या शब्दाची होती.

त्यानंतर मी मूळ बिघाडाकडे पाहिले. आमच्याकडे फायबरची तार आधी एका छोट्या पांढऱ्या डबीत येते आणि तिथून राउटरला जाते. इन्व्हर्टरवर फक्त राउटर होता, डबी नव्हती. वीज गेली की राउटरचे दिवे लागलेले दिसत, फोनवर वायफायची खूण पूर्ण दिसे, आणि नेट मात्र नसे. नवख्या यजमानाने घर देण्यापूर्वी मुख्य बटण स्वतः बंद करून पाहावे. नेट चालू राहिले तरच दोन्ही वस्तू इन्व्हर्टरवर आहेत असे समजावे. आता आमच्या राउटरजवळ लिहिले आहे: ‘भिंतीवरचे निळी खूण केलेले बटण बंद करा, एक मिनिट थांबा, चालू करा, पाच मिनिटे वाट पाहा. राउटरला हात लावू नका.’ मागचे छिद्र चिकटपट्टीने झाकले आहे.

जांभ्याच्या भिंती जाड असतात, त्यामुळे ५ गिगाहर्ट्झचे नेटवर्क ओटीच्या पलीकडे नीट पोहोचत नाही आणि २.४ गिगाहर्ट्झचे मागच्या खोलीपर्यंत जाते, पण वेग कमी मिळतो. म्हणून दोन्हींना वेगळी नावे देऊन ‘ओटीवर काम करायचे असल्यास हे, मागच्या खोलीत ते’ असे लिहिले आहे. पासवर्डमध्ये शून्य आणि ओ, एक आणि एल अशा सारख्या दिसणाऱ्या खुणा एकत्र घेऊ नयेत. क्यूआर कोड करून भिंतीवर लावला तर टाइप करण्याचाच त्रास वाचतो. कोड तयार करणाऱ्या कोणत्याही साधनात पुढील ओळ स्वतःचे नाव आणि पासवर्ड घालून द्यावी. शेवटचे दोन्ही अर्धविराम त्यात हवेत.

```
WIFI:T:WPA;S:KardeGhar;P:chinch7374;;
```

उपकरणांपैकी सर्वांत जास्त फोन गीझरचे येत. आमचा गीझर १५ लिटरचा आणि २००० वॉटचा आहे. साधारण २५ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत तापायला त्याला अठरा ते वीस मिनिटे लागतात. शहरात काही घरांमध्ये लगेच गरम पाणी देणारा छोटा गीझर असतो. त्याची सवय असलेला माणूस बटण दाबून दोन मिनिटांत नळ सोडतो आणि गीझर बिघडला असे समजतो. आता न्हाणीघराबाहेर बटणाशेजारीच लिहिले आहे की बटण लावून वीस मिनिटे थांबावे, गीझरवरचा लाल दिवा विझला की पाणी तापले, आणि एका टाकीत बादलीत गार पाणी मिसळून दोन माणसांची अंघोळ होते. चौघांच्या कुटुंबाने मध्ये पुन्हा वीस मिनिटे सोडावीत. हे शेवटचे वाक्य लिहिल्यापासून सकाळच्या तक्रारी थांबल्या. वीज गेलेली असताना गीझर आणि एसी चालत नाहीत, पंखे, दिवे आणि नेट चालते, हेही तिथेच आहे. इन्व्हर्टरवर काय चालते याची यादी पाहुण्याला अंधारात नव्हे, उजेडात वाचायला मिळाली पाहिजे.

स्वयंपाकघरात एकच पाटी आहे, आणि ती मी मुद्दाम मोठ्या अक्षरांत केली आहे. रात्री शेगडीबरोबर सिलिंडरचा रेग्युलेटरही बंद करावा. गॅसचा वास आला तर कोणतेही विजेचे बटण चालू किंवा बंद न करता खिडक्या उघडून सगळ्यांनी बाहेर यावे आणि तिथून १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करावा. मिक्सर, फ्रिज, धुलाईयंत्र यांविषयी प्रत्येकी एक ओळ पुरते.

परिसराच्या माहितीत सुरुवातीला मी हर्णै, सुवर्णदुर्ग, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, दाभोळची फेरी बोट अशी सगळी ठिकाणे लिहिली होती. ती माहिती फोनवर कोणालाही मिळते. फोनवर सहज मिळत नाही ते वेळेचे ज्ञान, आणि वहीने तेच द्यावे. हर्णैला मासळीचा लिलाव पाहायचा तर संध्याकाळी जावे. जून आणि जुलैमध्ये मासेमारी बंद असते, त्यामुळे त्या दोन महिन्यांत तिथे जाऊन निराश होऊ नये.

याहून महत्त्वाची वेळ भरतीची. आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला ओली वाळू इतकी घट्ट वाटते की पाहुण्यांना गाडी खाली न्यावीशी वाटते. परतताना वरच्या कोरड्या भुसभुशीत वाळूत चाके रुततात आणि तोवर पाणी चढू लागते. इथले जुने लोक तिथीच्या पाऊणपटीने भरतीची वेळ काढतात: चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा प्रतिपदेपासून सुरू होते. हा ढोबळ हिशेब आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतोच, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी एरवीपेक्षा बरेच वर येते. पाहुण्यांना तिथी ठाऊक असेलच असे नाही, म्हणून घराची देखभाल करणाऱ्या ताई चेक-इनच्या दिवशी भरती-ओहोटीच्या वेळा ओटीवरच्या फळ्यावर खडूने लिहितात. खाली कायमचे दोन नियम रंगवलेले आहेत: गाडी वाळूवर नेऊ नये, आणि ओहोटी लागल्यावर पोहायला उतरू नये. नियमांपेक्षा वरच्या वेळा लोक अधिक वाचतात, आणि वेळा वाचता वाचता नियमही वाचले जातात.

चेक-आउटच्या सूचना वहीत असून उपयोग नाही, कारण निघायच्या सकाळी वही कोणी उघडत नाही. आदल्या संध्याकाळी सात वाजता आम्ही निरोप पाठवतो आणि त्यात चारच गोष्टी मागतो: गीझर बंद, रेग्युलेटर बंद, ओला कचरा मागच्या झाकणाच्या बादलीत, किल्ली पेटीत. चादरी काढणे, भांडी घासणे, केर काढणे यांतले काहीही पाहुण्याकडून मागू नये असे माझे ठाम मत आहे, कारण त्याने सफाईचे पैसे दिलेले असतात. ओल्या कचऱ्याची अट मात्र सोडता येत नाही. कोळंबीची साले बंद घरात दुपारपर्यंत राहिली तर वास दोन दिवस जात नाही आणि मुंग्या पुढच्या पाहुण्याला भेटतात. निरोपाची शेवटची ओळ मागच्या पडवीतल्या दांडीविषयी आहे. समुद्रावरून आल्यावर वाळत घातलेले कपडे तिथेच विसरले जातात, आणि खेडपर्यंत गेलेल्या कुटुंबाला मुलाच्या आवडत्या टॉवेलसाठी घाट पुन्हा चढून यावे लागते.

नवी वही लिहून झाली की ती घर कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हाती द्यावी आणि एक रात्र त्याला तिथे राहू द्यावे. आम्ही माझ्या आतेभावाला ठेवले होते. मी शेजारच्या घरी थांबलो आणि त्याला सांगितले की फोन करायचा नाही, अडेल तिथे कागदावर लिहायचे. सकाळी त्याच्या कागदावर तीन ओळी होत्या: किल्लीची पेटी उघडली, पण कुलूप उलट्या बाजूला फिरते, पंख्याचे बटण दाराआड आहे, पिण्याचे पाणी कोणत्या नळाचे? घरच्यांच्या हातांना या तिन्ही गोष्टी इतक्या सवयीच्या होत्या की वहीत लिहायला सुचल्याच नव्हत्या. त्याच दिवशी दारावर बाण रंगवला, बटणावर खूण केली, आणि स्वयंपाकघरातल्या गाळणीच्या नळाला ‘पिण्याचे पाणी’ अशी चिठ्ठी बांधली.