सिकलसेलच्या मुलाचं हाड दुखतंय: क्रायसिस आहे की हाडात पू झालाय?

पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजा आणि वेळेसह लिहून ठेवा. औषधाने ताप उतरला की पुढचा अंदाज चुकतो. ताप १०१.३ फॅरनहाइट किंवा जास्त असेल, तर घरी वाट न पाहता थेट दवाखाना गाठा. ताप नसेल तर वेदनाशामक, भरपूर पाणी आणि ऊब द्या. बर्फ अजिबात लावू नका. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात आणि दुखणं वाढतं.

आता अवघड भाग. क्रायसिसमध्ये विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकून हाडाचा रक्तपुरवठा तुटतो, तर संसर्गात तिथे जंतू वाढतात. वरून दोन्ही सारखेच दिसतात: वेदना, सूज, ताप. क्रायसिस कितीतरी जास्त वेळा होतो, म्हणून सगळे तोच धरून चालतात. रक्तातून शरीरातला दाह मोजणाऱ्या सीआरपी चाचणीवरून दिला जाणारा "सीआरपी वाढलंय, म्हणजे इन्फेक्शनच" हा सल्लाही तितकाच कच्चा आहे. क्रायसिसमध्येही सीआरपी आणि पांढऱ्या पेशी वाढतात. पहिल्या दहा-बारा दिवसांत एक्स-रे बहुधा काहीच दाखवत नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल' ऐकून निर्धास्त होऊ नका.

वॉर्डात मी आधी मुलालाच विचारते, "नेहमीसारखंच दुखतंय का रे?" ही मुलं आपलं दुखणं ओळखतात. मग एका बोटाने हळूच दाबत जाते. क्रायसिस बहुधा अनेक ठिकाणी असतो आणि काही दिवसांत ओसरतो. बाकी सगळं ओसरून एकच जागा दुखत राहिली, ताप हटला नाही, तर माझा संशय पक्का होतो.

गडचिरोलीकडच्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या दोन्ही पायांत आणि पाठीत कळा होत्या. सलाईन आणि वेदनाशामकांनी तिसऱ्या दिवशी पाठ, डावा पाय मोकळे झाले. उजव्या गुडघ्याच्या वरची जागा मात्र हात लावू देईना, ताप १०२. आई म्हणाली, "ताई, हे याचं नेहमीचं नाही." सोनोग्राफीत हाडाच्या आवरणाखाली द्रव दिसला. सुईने काढला तर पू, आणि कल्चरमध्ये, म्हणजे त्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिल्यावर, साल्मोनेला. सिकलसेलच्या मुलांच्या हाडात हा जंतू वारंवार सापडतो.

म्हणून एकाच जागी दुखणं आणि ताप टिकला, तर सोनोग्राफीचा आग्रह धरा. एमआरआय महाग आहे आणि त्यातही दोन्ही आजार सारखे दिसू शकतात. खात्री देतं ते हाडातल्या द्रवाचं कल्चर. रक्ताचं कल्चर अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यायला सांगा, पण मूल गंभीर असेल तर त्यासाठी डोस लांबवू देऊ नका.

संसर्ग ठरला तर अँटिबायोटिक काही आठवडे चालतं, पू साचला असेल तर काढावाही लागतो. दुखणं थांबलं म्हणून गोळ्या मध्येच सोडू नका.