स्वतःची कविता इंग्रजीत नेताना या चुका टाळा

दुसऱ्याची कविता अनुवादताना मूळ कवीचा धाक असतो. स्वतःच्या कवितेला तो नसतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. उदाहरणापुरत्या या दोन ओळी रचू:

पाऊस पडून गेला, पागोळ्या पडत राहिल्या
आई उठून गेली, बांगड्या वाजत राहिल्या

पहिली चूक यमकाच्या मोहाची. पागोळ्यांच्या ‘केप्ट फॉलिंग’ला बांगड्यांचं ‘केप्ट कॉलिंग’ पटकन जुळतं, कानाला बरंही वाटतं. पण बांगड्या नुसत्या वाजत होत्या, कुणाला हाका मारत नव्हत्या. एका शब्दाने ओळ रडवेली झाली. वर कवी आपणच, त्यामुळे ‘मला तसंही म्हणायचंच होतं’ असं म्हणून ती खपवूनही टाकतो.

काय सोडायचं ते इंग्रजीत शिरण्याआधी मराठीतच तपासा. एकेक गोष्ट काढून ओळी मोठ्याने वाचा. ‘थेंब पडत राहिले’ केलं तर पागोळ्या-बांगड्यांचा नाद जातो, तरी ओळी तग धरतात. ‘बांगड्या थांबल्या नाहीत’ केलं तर अर्थ जवळपास तोच, कविता मात्र बसली. म्हणजे गेलं आणि राहिलं ही जोडी हवीच, यमक गेलं तरी चालेल.

दुसरी चूक, झाकलेलं उघडं करण्याची. ‘मदर इज गॉन’ म्हटलं की आई वारली. मराठीत ती फक्त उठून गेलीय, पुढचं वाचणाऱ्याच्या मनात आलं तर येईल. म्हणून ‘गॉट अप अँड वेन्ट’. आणि इथे इंग्रजी स्वतःहून हात देते:

द रेन केम डाउन अँड वेन्ट. द ईव्ह्ज वेन्ट ऑन ड्रिपिंग.
मदर गॉट अप अँड वेन्ट; हर बँगल्स वेन्ट ऑन रिंगिंग.

‘वेन्ट’ आणि ‘वेन्ट ऑन’! जाणं आणि राहणं एकाच क्रियापदात. ही गंमत मराठीत नव्हती.

त्याची किंमत मोजावी लागलीच. पागोळ्या गेल्या, वळचण टपकू लागली. बांगड्या कुणाच्या हे मराठीत न सांगता भागतं, इंग्रजीत ‘हर’ की ‘द’ ते ठरवावंच लागतं. ‘द बँगल्स’ काढून ठेवल्यासारख्या वाटतात, म्हणून ‘हर’. ‘मदर’ जरा ताठ आहे खरं, पण ‘मॉम’ने घरच बदलतं. अरुण कोलटकरांनी आपल्या बंबइया हिंदीतल्या कवितेला इंग्रजीत अमेरिकी गल्लीतली भाषा दिली, कारण तिथे बेमुर्वत सूर हाच जीव होता. या ओळींना तसा सूर नाही.

मसुदा मराठी न येणाऱ्याला दाखवा, पण ‘कशी वाटली?’ विचारू नका. आई कुठे गेली आणि आवाज कुठून येतोय, ते विचारा. ‘मेलीच ना?’ असं उत्तर ठामपणे आलं, तर ‘वेन्ट’ जास्त जड झालंय. ‘लेफ्ट द रूम’ने ते हलकं होतं, पण जोडी तुटते. ‘वेन्ट टू द किचन’ने जोडी टिकते, फक्त मुळात नसलेलं स्वयंपाकघर पत्करावं लागतं. मी तेच पत्करेन.