अंश सेल्सिअसचे फॅरनहाइट करताना प्रमाण विचलनात ३२ मिळवू नका
समजा, सोलापुरात मे महिन्यातील पाच दिवसांचे कमाल तापमान ३९, ४०, ४०, ४२ आणि ४४ अंश सेल्सिअस आहे. त्याची सरासरी ४१, मध्यक ४० आणि (सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज चारने भागून, त्याचे वर्गमूळ घेऊन काढलेले) प्रमाण विचलन २ येते. फॅरनहाइटसाठी प्रत्येक नोंदीला १.८ ने गुणून ३२ मिळवतात, म्हणून सरासरी १०५.८ आणि मध्यक १०४ होतो. प्रमाण विचलन मात्र नोंदींमधील अंतरावर अवलंबून असते आणि सर्वांत ३२ मिळवल्याने ते अंतर बदलत नाही. त्यामुळे ते फक्त १.८ पट, म्हणजे ३.६ होते. तेही सूत्रात घातल्यास ३५.६ येते, पण सर्व नोंदी १०२.२ ते १११.२ या नऊ अंशांत असताना हे अशक्यच आहे.