तारखेवरून वार काढताना या चुका टाळा: लीप वर्षातील फेब्रुवारी आणि उत्तराचा पडताळा

तारखेवरून वार काढण्याची उदाहरणे बहुधा लीप वर्षातील जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखांना चुकतात. नाशिकच्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना कुसुमाग्रजांची जन्मतारीख, २७ फेब्रुवारी १९१२, पाठ असतेच. ती नेमकी याच प्रकारची असल्यामुळे आपण तीच सोडवून पडताळून पाहू.

येथे १९१२ हे चालू वर्ष असून पूर्ण झालेली वर्षे १९११ आहेत. जादा दिवस म्हणजे सातने भागल्यावर उरणारे दिवस. १६०० वर्षांचे जादा दिवस शून्य आणि त्यापुढील ३०० वर्षांचा १ येतो. उरलेल्या ११ वर्षांत १९०४ आणि १९०८ ही दोनच लीप वर्षे असल्याने ११ + २ = १३, म्हणजे ६ जादा दिवस होतात. त्यांत जानेवारीचे ३ आणि फेब्रुवारीच्या २७ दिवसांचे ६ मिळवले की एकूण बेरीज १६ येते. तिला सातने भागल्यावर २ उरतात, आणि रविवार शून्य धरल्यास वार मंगळवार ठरतो.

उत्तर चुकले असेल, तर ते किती दिवसांनी चुकले यावरून चूक सापडते. गुरुवार आला असेल, तर बहुधा ११ ऐवजी १२ वर्षे आणि ३ लीप वर्षे धरलेली असतात. बुधवार आला असेल, तर वर्षे ११ च धरूनही १२ ला ४ ने भाग जातो म्हणून तिसरे लीप वर्ष मोजलेले असते. वास्तविक २९ फेब्रुवारी १९१२ हा दिवस या तारखेपर्यंत उजाडलेलाच नव्हता. १९०० ला ४०० ने भाग जात नसतानाही ते लीप वर्ष धरले, तरी बुधवारच येतो.

तीच आकडेमोड पुन्हा केल्याने पडताळा होत नाही, कारण तीच चूक पुन्हा होते. त्यासाठी वार पक्का ठाऊक असलेली आणि दिलेल्या तारखेनंतरची तारीख घ्यावी, उदाहरणार्थ १५ ऑगस्ट १९४७, शुक्रवार. २७ फेब्रुवारी १९१२ पासून २७ फेब्रुवारी १९४७ पर्यंत ३५ वर्षे होतात, आणि त्यांत १९१२ ते १९४४ या काळातील ९ लीप दिवस येतात. पहिल्या रीतीत वगळलेला २९ फेब्रुवारी १९१२ येथे मात्र मोजावाच लागतो. ३५ + ९ = ४४, म्हणजे २ जादा दिवस. तेथून १५ ऑगस्टपर्यंत १६९ दिवस, म्हणजे आणखी १. असे एकूण ३ दिवस शुक्रवारातून मागे मोजले की मंगळवारच येतो. घाईत ते पुढे मोजले, तर सोमवार येईल.

नंतरचीच तारीख घेण्याचे कारण असे, की प्रत्येक २९ फेब्रुवारी मग दोन्ही रीतींपैकी एकाच रीतीत मोजला जातो. २०१२ मधील तारखेसाठी १९४७ चा आधार घेतला, तर मधले सारे लीप दिवस दोन्हीकडे सारखेच येतात आणि ते चुकीचे मोजले असले तरी उत्तरे जुळतात. तेथे भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील आजची तारीख आणि वार घ्यावा.